तेल किती कमी करायचं आणि कुठे थांबायचं? शाकाहारी वजनकपातीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळ्याकडे आहारसल्ला देताना मला येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. खाण्यातल्या तेल-तूप-शेंगदाण्यातून मिळतं त्याला इथे ‘फॅट’ म्हटलंय आणि अंगावरच्या साठ्याला ‘चरबी’. हे दोन शब्द एक झाले की निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

वजन कमी करायचंय तर तेल पूर्ण बंद केलं तर काय बिघडलं?

एका बाईंचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. वय ३४, शाळेत शिक्षिका, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७४ किलो. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “ताई, मी तेल बठ्ठं बंद करी टाकं.” अडीच महिन्यांत त्या ६८ किलोवर आल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. माझ्याकडे येण्याचं कारण मात्र वजन नव्हतं. दोन महिने पाळी आली नव्हती, केस विंचरताना हातात गुंता येत होता आणि मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, रात्री त्यांना चादर लागत होती.

दिवसभरात त्या दोन भाकरी, बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी, दोन केळी आणि दोन कप चहा एवढंच घेत होत्या. हिशोब केला तर जेमतेम १००० कॅलरी भरल्या. त्यात फॅट ८ ग्रॅम आणि प्रोटीन ३० ग्रॅमच्या आसपास. वर रोज तासभर भरभर चालणं. म्हणजे बिघडलं होतं ते फक्त तेलामुळे नव्हतं, पण तेलाचाही त्यात वाटा होता. पुढची उत्तरं वाचताना या बाई डोळ्यांसमोर ठेवा.

फॅट कमी झालं की हार्मोन बनायला कच्चा माल मिळत नाही, असं ऐकलंय. खरं का?

अर्धवट खरं. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात, हे बरोबर. पण ते कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं. शेंगदाण्याच्या तेलात ते मुळात नसतंच. तेव्हा तेल बंद केल्यानं कच्चा माल संपला, असं होत नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे काही फॅटी ॲसिड शरीराला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. लिनोलेइक हे एक आणि जवसातलं अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ जातीचं दुसरं. शिवाय ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं आतड्यातून आत यायला ताटात थोडं फॅट लागतं. पालकाची भाजी नुसती उकडून खाल्ली तर तिच्यातलं कॅरोटीन बरंचसं वाया जातं. चमचाभर तेलाची फोडणी दिली की ते पदरात पडतं.

दुसरी अडचण मोठी आहे, ती एकूण उपासमारीची. मेंदूतला हायपोथॅलॅमस सतत अंदाज घेत असतो की घरात दाणागोटा आहे की नाही. खाणं फार कमी झालं आणि चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन घसरलं की तो पाळी चालवणारे इशारे मंद करतो. दुष्काळी वर्षात शेतकरी नवीन पेरा करत नाही, तसंच. तेल शून्यावर आणणारा माणूस बहुतेक वेळा कॅलरीही फार खाली आणतो. म्हणून खापर तेलावर फुटतं आणि उपासमार लपून राहते.

मग किमान फॅट किती?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी एकूण कॅलरींच्या १५ टक्के ही तळरेषा सांगितली आहे. पाळी चालू असलेल्या वयाच्या बायकांसाठी आणि मुळात कमी वजनाच्या लोकांसाठी ती २० टक्के आहे. वजन उतरवताना मी पुरुषांनाही २० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही.

टक्केवारीत एक खोट आहे. कॅलरी कमी केल्या की २० टक्केसुद्धा आकसतात. १००० कॅलरींचे २० टक्के म्हणजे फक्त २२ ग्रॅम. म्हणून मी दुसरी मोजपट्टीही लावते: जे वजन गाठायचंय त्या वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण ०.६ ग्रॅम फॅट. हा प्रत्यक्ष कामातला अंदाज आहे, दगडावरची रेघ नव्हे. दोन्ही आकडे काढायचे आणि मोठा असेल तो धरायचा.

आपल्या शिक्षिकाबाईंसाठी १५०० कॅलरींचे २० टक्के म्हणजे ३०० कॅलरी. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी असतात, म्हणजे झाले ३३ ग्रॅम. त्यांना ५८ किलोपर्यंत यायचं होतं, त्या हिशोबानं ३५ ग्रॅम. आम्ही ३५ ते ४० ग्रॅम ठरवलं. हा लो-फॅट आहारच आहे बरं का, घरोघरी खाल्लं जातं त्याच्या मानानं खूपच कमी.

आणि १५०० कॅलरी हा आकडा कुठून आणला?

वय, उंची, वजन यावरून नेहमीच्या सूत्रानं त्यांचा दिवसाचा खर्च १८५० कॅलरींच्या आसपास निघाला. त्यातून साडेतीनशे वजा केल्या.

मग उलट बाजूनं पडताळून पाहिलं. ६८ किलोंतली चरबी वगळली तर स्नायू, हाडं, अवयव मिळून अंदाजे ४४ किलो उरतात. व्यायामात जळलेल्या कॅलरी खाण्यातून वजा करायच्या आणि उरलेल्यांना या ४४ नं भागायचं. तरुण बायकांवर झालेल्या प्रयोगांत हा भागाकार ३० च्या खाली गेला की पाळीचे इशारे विस्कटायला लागलेले दिसले. प्रत्येकीची सहनशक्ती वेगळी असते, त्यामुळे ३० ही लक्ष्मणरेषा नाही, पण अंदाजाला चांगली. बाई आधी १००० खाऊन २५० चालण्यात घालवत होत्या. उरलेल्या ७५० ला ४४ नं भागलं तर १७ येतात! नव्या आखणीत चालणं अर्ध्या तासावर आणलं आणि आकडा ३१ वर गेला.

आमच्या घरी तेल कमीच वापरतो. तरी किती जातं ते कसं कळणार?

“कमीच वापरतो” हे वाक्य मी रोज ऐकते. चमचे मोजायला सांगितलं की लोक त्या दिवसापुरता हात आखडतात, म्हणून मी डबा मोजायला सांगते. १५ किलोचा डबा फोडला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करायची, संपला त्या दिवशी दुसरी. पाच माणसांच्या घरात तो ३ महिने पुरला तर माणशी दिवसाला ३३ ग्रॅम तेल झालं. हे फक्त डब्यातलं. शेंगदाणे, खोबरं, दूध, शेव यांचं फॅट यात आलेलंच नाही.

पाहुणे आणि तळणाचं उरलेलं तेल यानं आकडा थोडा हलतो. तरी आठवणीपेक्षा डबा खरं बोलतो.

न दिसणारं फॅट आपल्या जेवणात कुठे असतं?

आपल्या काळ्या मसाल्याच्या वाटणात. सुक्या खोबऱ्याचा साधारण ६० टक्क्यांहून जास्त भाग फॅट असतो. वाटीच्या दोन-तीन कापा, म्हणजे २० ग्रॅम खोबरं, भाजून वाटलं की १२ ग्रॅमच्या वर फॅट भाजीत गेलं आणि आपण म्हणतो, मी तर दोनच चमचे तेल टाकलं. शेंगदाण्यांतही निम्म्याच्या जरा खाली फॅट आहे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत साधारण १३ ग्रॅम. ठेच्यात दाणे, भरीतात दाणे, उपासाच्या खिचडीत तर विचारूच नका. हे पदार्थ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ते तेलाच्याच खात्यात मांडा, एवढंच.

उलट ज्वारी आणि डाळींत फॅट नगण्य, शंभर ग्रॅमला दोनच्या आतबाहेर. केळ्यात तर जवळजवळ नाहीच. दूध मात्र बघून घ्यावं लागतं. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का फॅट असतं.

शाकाहारात प्रोटीन वाढवायला गेलं की फॅटही वाढतं. काय करायचं?

हाच खरा पेच आहे. पनीर घ्या: शंभर ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रोटीन, पण फॅटही २० ग्रॅमच्या घरात. लोक शेंगदाण्याला प्रोटीन म्हणतात, पण त्यात प्रोटीनपेक्षा फॅटच्याच कॅलरी जास्त. ३५-४० ग्रॅमच्या बजेटमध्ये पनीरवर पूर्ण प्रोटीन काढायला गेलं तर बजेट दुपारीच संपतं.

म्हणून प्रोटीनचा मुख्य भार बिनफॅटच्या पदार्थांवर टाकायचा: तुरीची, मुगाची डाळ, अख्खे उडीद, फुटाणे, टोन्ड दुधाचं दही आणि सोयावडी. सोयावडीत निम्मं वजन प्रोटीनचं असतं आणि फॅट जवळपास नाही, कारण तेल आधीच काढून घेतलेलं असतं. सगळ्यांना तिची चव रुचत नाही. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायची आणि शेवभाजीच्या मसाल्यात टाकायची, मग घरातली पोरंही खातात. आपली कळण्याची भाकरी तर या कामासाठीच जन्मली असावी. ज्वारीत उडीद दळलेले असल्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा प्रोटीन जास्त मिळतं, तेही फॅट न वाढवता. कढीत सोडायचे फुनकेही वाफवलेलेच असतात. फक्त वरची फोडणी आवरा.

प्रोटीन किती घ्यावं? बाईंसाठी ७० ग्रॅम ठरवलं, म्हणजे गाठायच्या वजनाच्या प्रत्येक किलोला १.२ ग्रॅम.

एक पूर्ण दिवस मांडून दाखवाल का?

बाईंचाच दाखवते. भाकरी तव्यावर पडण्याआधी पीठ तोलायचं, कारण आपली एक भाकरी सहज ८० ग्रॅम पिठाची भरते आणि पुस्तकातल्या तक्त्यांत ती ३०-४० ग्रॅमची असते.

सकाळी टोन्ड दुधाचा चहा. नाश्त्याला ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, त्यांना मिळून एक छोटा चमचा तेल. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा, स्वयंपाकघरातला पळीवजा चमचा नव्हे. त्यात साडेचार ग्रॅम फॅट असतं.

दुपारी कळण्याची एक भाकरी, ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण, दीडशे ग्रॅम दही आणि भरीत. वांगं तर विस्तवावरच भाजलं जातं, तेल लागतं ते फक्त फोडणीला. एकीच्या वाट्याला दीड चमचा तेल आणि १० ग्रॅम दाणे. एरवी आपल्या भरीतावर तेल तरंगतं, तेवढं नाही, पण मिरची-लसूण आणि कांद्याची पात असली की चवीला काही कमी पडत नाही.

चारच्या सुमाराला एक केळं आणि ३० ग्रॅम फुटाणे. रात्री अर्धी भाकरी, ३० ग्रॅम सोयावडीची एक चमचा तेलातली रस्साभाजी आणि दोन छोटे चमचे जवसाची चटणी.

बेरीज केली तर फॅट ३८ ग्रॅमच्या जवळपास, प्रोटीन ७०, कॅलरी १५००. त्यात तेलाचे साडेतीन चमचे १६ ग्रॅम देतात. बाकीचं दाणे, दूध-दही, जवस आणि धान्यातून येतं. वजन काटा फक्त पहिले दोन आठवडे वापरायचा. नंतर नजर तयार होते.

रस्सा कमी तेलात केला की कच्चा लागतो. उपाय?

कच्चेपणा तेलाच्या कमतरतेचा नसतो, घाईचा असतो. कांदा आणि थोडं खोबरं गॅसवर किंवा निखाऱ्यावर कोरडंच काळपट होईपर्यंत भाजून घ्या. चार माणसांच्या भाजीला चार छोटे चमचे तेल पुरतं. वाटण त्यात घातलं की चिकटायला लागेल तेव्हा पळीभर गरम पाणी टाका, आटू द्या, पुन्हा टाका. असं तीन-चार वेळा केलं की वास बदलतो. तवंग दिसणार नाही. पाहुण्यांसमोर तेवढं मन मोठं करावं लागतं.

तेल बंद करून फक्त तूप खाल्लं तर? तुपानं हार्मोन सुधारतात म्हणे.

तुपाला हार्मोनसाठी वेगळी जादू नाही. शिवाय त्यात लिनोलेइक ॲसिड अगदी थोडं असतं, त्यामुळे ‘तेल शून्य, तूप दोन चमचे’ हा सौदा तोट्याचा. वरणावर एक चमचा तूप ठेवा, बाकी तेल. शेंगदाणा, करडई, सरकी यातलं कुठलंही तेल लिनोलेइकची गरज भागवतं. पण या तिन्हींत ओमेगा-३ जवळपास नसतं. ते सोयाबीन तेलात थोडं आणि जवसात भरपूर असतं. शाकाहारी ताटात मासे नाहीत, म्हणून जवसाची चटणी मी जवळजवळ प्रत्येकाला लिहून देते. जवस हलके भाजून कुटायचे. अख्खे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात.

पुरुषांचं काय? टेस्टोस्टेरॉन घसरतं का?

४० टक्के फॅटच्या आहारावरून २० टक्क्यांच्या आसपास आलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सरासरी १० ते १५ टक्क्यांनी खाली आल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. बहुतेकांना एवढ्या फरकानं काही जाणवत नाही. आणि पोट सुटलेल्या माणसाचं वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, हेही तितकंच खरं. त्यामुळे ९० किलोच्या भाऊंनी या भीतीनं तुपाची वाटी पुढे ओढू नये. आधीच सडपातळ असून पोटाचे कप्पे दिसावेत म्हणून कमी खाणाऱ्या जिमच्या पोरांनी मात्र जपावं. इच्छा मंदावली, सकाळची ताठरता गेली, व्यायामातली ताकद उतरली तर आधी कॅलरी वाढवायच्या. रक्त तपासायचं असेल तर सकाळी उपाशीपोटी, आणि एका आकड्यावर भरवसा न ठेवता दोनदा.

पाळी चुकली म्हणजे फॅट कमी पडलं असंच समजायचं का?

अजिबात नाही. आधी गर्भधारणेची चाचणी. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि पीसीओएस हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. नियमित पाळी तीन महिने आली नाही तर वाट बघत बसू नका. केस गळणंसुद्धा लोहाच्या कमतरतेनं होतं, आणि झपाट्यानं वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी होतं. नुसत्या लक्षणावरून कारण ओळखता येत नाही.

आहाराचा संशय केव्हा बळावतो? वजन आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त वेगानं उतरतंय, सतत थंडी वाजते, झोप तुटते, दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार, आणि पाळी आधी लांबत गेली, मग थांबली, हे सगळं एकत्र असेल तर. बाईंच्या बाकी तपासण्या ठीक आल्या. थायरॉइडच्या तपासणीत टी३ हे हार्मोन तेवढं खालच्या काठावर होतं आणि टीएसएच नॉर्मल, उपासमारीत असं दिसतं. गोळी सुरू न करता डॉक्टरांनी खाणं वाढवायला सांगितलं.

खाणं वाढवल्यावर तिसऱ्या महिन्यात पाळी आली. काहींना याहून जास्त वेळ लागतो. वजन पहिले तीन आठवडे हललं नाही, एकदा तर किलोभर वाढलं आणि त्यांचा मला रात्री साडेदहाला फोन आला. ते पाणी होतं. पुढच्या पाच महिन्यांत त्या ६३ वर आल्या.

पित्ताशयात खडे होतात म्हणतात, ते याच्यामुळेच का?

झपाट्यानं उतरणारं वजन आणि अगदी बिनफॅटचं जेवण या जोडीनं धोका वाढतो. जेवणात फॅट आलं की पित्ताशय आकुंचन पावून रिकामं होतं, नाही आलं तर पित्त साचून घट्ट होतं. म्हणून दिवसाचं सगळं फॅट चार ठिकाणी शिंपडण्यापेक्षा एका जेवणात तरी १० ग्रॅमच्या आसपास येऊ द्या. ज्यांना आधीच खडे आहेत त्यांनी हे वाचून काही बदलू नये, सर्जनला विचारावं.

हा आहार कोणी स्वतःच्या मनानं करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी, अठराच्या आतल्या मुलामुलींनी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि ज्यांचं खाण्याशी भांडण आधीपासून आहे त्यांनी.

लग्नसराईत आणि ढाब्यावरच्या शेवभाजीचं काय?

ढाब्यावरच्या एका प्लेटमध्ये ५० ग्रॅम शेव धरली तर तिचंच १८-२० ग्रॅम फॅट होतं. वरचा तवंग दोन मोठे चमचे तरी असतो, म्हणजे आणखी २५ ग्रॅम. दिवसाचं बजेट एका प्लेटीत संपलं. त्यासाठी सोमवार ते शनिवार शून्य तेल खाऊन ‘वसूल’ करायला जाऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. रोज ३८ ऐवजी चार-पाच दिवस ३४-३५ ग्रॅमवर राहिलं तर महिन्यातून दोनदा प्लेट आरामात बसते. तर्री वेगळ्या वाटीत मागवा, शेव वरून घ्या, आणि भाकरीचा तुकडा वाटीत बुडवताना वरचा तवंग बाजूला सारा, तळाशी तोंडी लावायला मसाला असतोच.